शार्पमध्ये मागे, ट्रेनरमध्ये पहिला: एकाच फंडाचे दोन निकाल

दोन म्युच्युअल फंड घेऊ. फंड काल्पनिक आहेत आणि गणित डोक्यात राहावं म्हणून आकडे सोपे ठेवलेत. ‘अ’ हा सर्व क्षेत्रांत पैसे पसरून ठेवणारा साधा इक्विटी फंड आहे. ‘ब’ फक्त औषध कंपन्यांचे शेअर घेतो. ‘अ’ने वर्षाला सरासरी १४ टक्के परतावा दिला, ‘ब’ने १३.२ टक्के. याच काळात निफ्टी ५० ने १२ टक्के दिले आणि काहीही जोखीम न घेता सरकारी ट्रेझरी बिलांतून ६ टक्के मिळत होते.

नुसत्या परताव्यावर ‘अ’ पुढे आहे. पण परताव्याबरोबर जोखीमही मोजायची म्हटली की ‘ब’ एका मोजपट्टीवर निफ्टीपेक्षाही खाली जातो आणि दुसऱ्या मोजपट्टीवर तिघांत पहिला येतो. पहिली मोजपट्टी म्हणजे शार्प रेशो, दुसरी ट्रेनर रेशो. दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींचं गणित शाळकरी आहे. तरी निकाल उलटे का येतात, हे कळलं की कुठली कधी वापरायची हा प्रश्न बराचसा सुटतो.

दोन्हींत वरचा आकडा, म्हणजे अंश, एकच असतो. फंडाच्या परताव्यातून जोखीममुक्त परतावा वजा करायचा. ते ६ टक्के तर काही न करताही मिळाले असते, त्यांचं श्रेय फंड मॅनेजरला कशाला? वजाबाकी करून उरतो तो जादा परतावा: ‘अ’चा ८, ‘ब’चा ७.२, निफ्टीचा ६.

फरक आहे तो छेदात, म्हणजे या जादा परताव्याला कशाने भागायचं यात.

विल्यम शार्प यांनी १९६६ साली सांगितलं की फंडाच्या एकूण चढउताराने भागा. हा चढउतार मोजतात स्टँडर्ड डेव्हिएशनने: परतावा आपल्या सरासरीपासून साधारण किती दूर भरकटतो, तो आकडा. ‘अ’चं स्टँडर्ड डेव्हिएशन १६ टक्के आहे असं धरू. म्हणजे ढोबळमानाने तीनपैकी दोन वर्षं त्याचा परतावा उणे २ आणि अधिक ३० यांच्या मध्ये कुठेतरी असेल. औषधांचा धंदा लहरी. अमेरिकी औषध नियामकाने एखाद्या कारखान्यावर शेरा मारला की शेअर कोसळतो, म्हणून ‘ब’चं २० टक्के धरू. निफ्टीचं १५.

जॅक ट्रेनर यांनी त्याच्या आधी, १९६५ साली, वेगळा छेद सुचवला होता: बीटा. बाजार एक टक्का हलला की फंड सरासरी किती हलतो, ते बीटा सांगतो. निफ्टीचा स्वतःशी बीटा अर्थातच १. ‘अ’ बाजाराबरोबरच चालतो, त्याचाही १. ‘ब’चा मात्र ०.६. बाजार १० टक्के पडला तर सरासरी हा ६ टक्के पडतो, कारण मंदी आली म्हणून कोणी रक्तदाबाच्या गोळ्या बंद करत नाही.

आता भागाकार करून टाकू.

| | जादा परतावा | स्टँडर्ड डेव्हिएशन | बीटा | शार्प | ट्रेनर |
|---|---|---|---|---|---|
| निफ्टी | ६ | १५ | १ | ०.४० | ६ |
| फंड ‘अ’ | ८ | १६ | १ | ०.५० | ८ |
| फंड ‘ब’ | ७.२ | २० | ०.६ | ०.३६ | १२ |

शार्पच्या रकान्यात ‘ब’ सगळ्यात खाली आहे. ट्रेनरच्या रकान्यात तो निफ्टीच्या दुप्पट आहे.

गोम कुठे आहे ते ‘ब’ची जोखीम सुटी करून पाहिली की दिसतं. चढउतार थेट बेरीज-वजाबाकीला जुमानत नाहीत, त्यांचे वर्ग जुमानतात. ‘ब’च्या २० चा वर्ग ४००. त्यातला बाजारामुळे आलेला भाग म्हणजे बीटा गुणिले बाजाराचा चढउतार, ०.६ × १५ = ९, त्याचा वर्ग ८१. उरलेले ३१९ बाजारामुळे आलेले नाहीत. ते औषधांच्या धंद्याचे स्वतःचे आहेत: नियामकाची तपासणी, पेटंट संपणं, कच्च्या मालाचे भाव. म्हणजे ‘ब’च्या जोखमीचा जेमतेम पाचवा हिस्सा बाजाराचा आणि चार हिस्से घरचे. ‘अ’चं उलट आहे. १६ चा वर्ग २५६, त्यातले २२५ बाजाराचे, घरचे फक्त ३१.

शार्प हे पूर्ण ४०० बघतो. ट्रेनर फक्त ८१ बघतो आणि ३१९ कडे सरळ काणाडोळा करतो. हा काणाडोळा चुकून झालेला नाही. ट्रेनर यांचं म्हणणं असं, की गुंतवणूकदाराकडे आणखी बरंच काही असेल तर एका क्षेत्राची घरची जोखीम बाकीच्या ढिगात विरून जाते. औषध कंपन्यांचा वाईट महिना हा बँकांचाही वाईट महिना असेलच असं नाही. बाजाराची जोखीम मात्र कितीही पसरलात तरी विरत नाही, कारण बाजार पडतो तेव्हा थोडंफार सगळंच पडतं. म्हणून मोबदला मागायचा तो न विरणाऱ्या जोखमीचा.

गणितातही हे स्वच्छ दिसतं. फंड आणि बाजार कितपत एका तालात हलतात, तो आकडा म्हणजे सहसंबंध. बीटा म्हणजे हा सहसंबंध, गुणिले फंडाचा चढउतार, भागिले बाजाराचा चढउतार. ही किंमत ट्रेनरच्या छेदात घातली की उरतं ते असं: ट्रेनर म्हणजे शार्प गुणिले बाजाराचा चढउतार, भागिले सहसंबंध. बाजाराचा चढउतार सगळ्या फंडांना सारखाच लागू होतो. त्यामुळे दोन्ही मोजपट्ट्यांच्या क्रमवारीत फरक पडतो तो फक्त सहसंबंधामुळे. ‘अ’चा बाजाराशी सहसंबंध ०.९४ आहे, ‘ब’चा ०.४५. ज्या फंडांचा सहसंबंध सारखा, त्यांची क्रमवारी दोन्हींत सारखीच येणार.

शार्प यांच्या १९६६ च्या लेखात नेमकं हेच घडलं. त्यांनी १९५४ ते १९६३ या काळातले ३४ अमेरिकी म्युच्युअल फंड तपासले आणि ट्रेनरचं मापही लावून पाहिलं. दोन्ही क्रमवाऱ्या जवळजवळ एकच आल्या, कारण ते सगळे फंड बऱ्यापैकी पसरलेले होते. जाता जाता: त्या फंडांच्या शार्प रेशोची सरासरी ०.६३३ आली आणि डाऊ जोन्स निर्देशांकाचा रेशो ०.६६७. ३४ पैकी ११ च फंडांना निर्देशांकाच्या पुढे जाता आलं. आज इंडेक्स फंडावरून जो वाद चालतो त्याचं मूळ इतकं जुनं आहे. शार्प यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. ट्रेनर यांना मिळालं नाही, आणि त्यांचं साठच्या दशकाच्या सुरुवातीचं, जोखीम आणि किंमत यांच्या नात्यावरचं मूळ टिपण तर कित्येक दशकं अप्रकाशितच राहिलं. आकड्यांच्या या दुनियेत श्रेयाची वाटणी काही फार न्यायाने होत नाही.

आता मूळ प्रश्न. कुठला निकाल धरायचा?

त्याचं उत्तर फंडात मिळत नाही, तुमच्या बाकीच्या पैशांत मिळतं. एखाद्याची सगळी बचत ‘ब’मध्ये असेल, तर घरचे ३१९ त्याला पुरेपूर भोगावे लागतील. ते विरायला दुसरं काही नाहीच. त्याने शार्प बघावा आणि शार्प सांगतो की यापेक्षा निफ्टीचा इंडेक्स फंड बरा होता. औषध कंपनीत नोकरी करणाऱ्याने तर हे जास्तच मनावर घ्यावं. पगार, बोनस, वर कंपनीचे शेअर, सगळं एकाच धंद्यावर टांगलेलं असतं.

पण समजा एखादीचे पैसे आधीच निफ्टीच्या इंडेक्स फंडात आहेत आणि ती त्यातले २० टक्के काढून ‘ब’मध्ये टाकते. नव्या मिश्रणाचा जादा परतावा ०.८ × ६ अधिक ०.२ × ७.२, म्हणजे ६.२४. बीटा ०.८ अधिक ०.१२, म्हणजे ०.९२. बाजाराची जोखीम ०.९२ × १५ = १३.८, वर्ग १९०. आणि ‘ब’ची ती भयंकर घरची जोखीम? वाटा एकपंचमांश, वर्ग करताना पंचविसांश, म्हणून ३१९ चे राहिले फक्त १३ च्या आसपास. बेरीज २०३, तिचं वर्गमूळ १४.२५.

म्हणजे परतावा वाढला आणि चढउतार १५ वरून १४.२५ वर आला. संपूर्ण मिश्रणाचा शार्प ०.४० वरून ०.४४ झाला. शार्पमध्ये निफ्टीच्याही मागे पडलेला फंड आत आला आणि सगळ्या पोर्टफोलिओचा शार्प सुधारला. ‘ब’च्या जागी तेवढाच ‘अ’ घेतला असता, तर शार्प ०.४३ वर थांबला असता. ‘अ’ बाजारासारखाच चालतो, त्यामुळे त्याच्याकडून परतावा थोडा जास्त मिळतो, पण चढउतार काही कमी होत नाही.

ट्रेनर रेशोचा व्यवहारातला अर्थ हाच. फंडाचा ट्रेनर तुमच्या हातातल्या बाजाराच्या ट्रेनरपेक्षा जास्त असेल, तर त्या फंडाचा छोटासा वाटा घेतल्याने एकूण गाडी सुधारते. ‘छोटासा’ हा शब्द मात्र सोडायचा नाही. ‘ब’चा वाटा ५० टक्के केला तरी शार्प ०.४४ च्या जवळच राहतो, फायदा पुढे वाढत नाही. ८० टक्के केला की तो ०.४० च्या खाली घसरतो आणि आपण सुरुवातीपेक्षा वाईट जागी येतो. वाट्याबरोबर घरची जोखीम वर्गाच्या वेगाने वाढते. ट्रेनर रेशो मात्र वाट्याविषयी एक अक्षर बोलत नाही, तो १२ च दाखवत राहतो.

म्हणून ‘ब’चा ट्रेनर मोठा, तर ‘ब’ हाच चांगला फंड, असं म्हणता येत नाही. सगळे पैसे एकाच फंडात ठेवायचे असतील तर ‘अ’चा शार्प ०.५० आहे आणि निफ्टी व ‘ब’ यांचं कुठलंही मिश्रण तिथपर्यंत पोचत नाही. ही उणीव भरून काढणारं मापही ट्रेनर यांनीच पुढे दिलं. १९७३ मध्ये अर्थतज्ज्ञ फिशर ब्लॅक यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी बीटाच्या हिशेबाने मिळायला हवी त्याहून वरच्या कमाईला नेमक्या त्या घरच्या जोखमीने भागलं. त्या मापात ‘अ’ पुन्हा ‘ब’च्या पुढे जातो.

इथवर आकडे आपल्या हातचे होते. खरी गंमत सुरू होते ती फंड कंपनीची फॅक्टशीट उघडल्यावर. दर महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशन, बीटा आणि शार्प रेशो छापलेले असतात, बहुधा मागच्या तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून काढलेले. आपल्याकडे जोखीममुक्त दर म्हणून सहसा एका रात्रीचा मायबोर, म्हणजे बँकांनी एकमेकींना उसने देण्याचा दर, धरतात. तो कुठल्या तारखेचा, हे खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं. ट्रेनर काही ठिकाणी मिळतो, काही ठिकाणी नाही. नसेल तर आपणच भागू, बीटा तर दिलाय की, असं वाटतं. सापळा इथेच आहे.

फॅक्टशीटमधला बीटा निफ्टी ५० शीच काढलेला असतो असं नाही. तो त्या योजनेच्या स्वतःच्या बेंचमार्कशी काढलेला असतो. औषध फंडाचा बेंचमार्क आरोग्य क्षेत्राचा निर्देशांक असतो, आणि औषध फंड औषधांच्या निर्देशांकाबरोबर हलणारच. समजा तिथे ‘ब’चा बीटा ०.९ छापलाय. ७.२ ला ०.९ ने भागलं की ट्रेनर येतो ८. आणि ‘अ’चाही ८ च आहे. १२ चे ८ झाले, दोन्ही फंड बरोबरीत आले, आणि फंडात तर काहीच बदललेलं नाही. फक्त मोजायला घेतलेला बाजार बदलला. ‘ब’ मोठ्या बाजारापासून वेगळा चालतो हा त्याचा खरा गुणच त्या बीटात दिसेनासा झाला. म्हणून वेगवेगळ्या प्रकारच्या फंडांचे ट्रेनर फॅक्टशीटवरून घेऊन कधीच शेजारी ठेवू नयेत. शार्पला ही बाधा होत नाही. त्याला फंडाचा स्वतःचा चढउतार पुरतो, बाजार कुठला धरायचा हा प्रश्नच त्याच्यासमोर येत नाही.

हे टाळायचं तर गणित स्वतः करावं. तासाभराचं काम आहे. फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी हिच्या संकेतस्थळावर फंडांची जुनी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, मिळते. ग्रोथ पर्याय घ्या, डायरेक्ट तर सगळे डायरेक्ट, रेग्युलर तर सगळे रेग्युलर. निफ्टीचा टोटल रिटर्न निर्देशांक घ्या. साध्या निफ्टीत लाभांश धरलेला नसतो आणि त्यामुळे बाजार आहे त्यापेक्षा लंगडा दिसतो. महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे आकडे घेऊन ३६ मासिक परतावे काढा आणि प्रत्येकातून त्या महिन्याचा जोखीममुक्त परतावा वजा करा. फंडाचे जादा परतावे B रकान्यात आणि निफ्टीचे C रकान्यात असतील तर:

```
=AVERAGE(B2:B37)/STDEV.S(B2:B37)*SQRT(12)
=AVERAGE(B2:B37)*12/SLOPE(B2:B37,C2:C37)
=CORREL(B2:B37,C2:C37)
```

पहिली ओळ शार्प, दुसरी ट्रेनर, तिसरी सहसंबंध. वार्षिक करताना शार्पला १२ च्या वर्गमुळाने गुणायचं आणि ट्रेनरला सरळ १२ ने, कारण परतावा काळाच्या पटीत वाढतो, चढउतार काळाच्या वर्गमुळाच्या पटीत, आणि बीटा वाढतच नाही. परतावे टक्क्यांऐवजी दशांशात भरले असतील तर ट्रेनर १२ ऐवजी ०.१२ दिसेल. दोन लोकांचे ट्रेनर शंभर पटींनी वेगळे निघाले की बहुतेक वेळा कारण हेच असतं. शार्पमध्ये अंश-छेद दोन्ही टक्क्यांत असल्यामुळे तो बदलत नाही.

तिसरी ओळ मी मुद्दाम दिली. सहसंबंध कमी आला तर ट्रेनर जपून वाचायचा. ‘ब’सारख्या फंडाचा बीटा ३६ महिन्यांवरून काढला, तर त्यात ०.२ इकडचातिकडचा फरक सहज पडतो. खरा बीटा ०.८ असेल तर ट्रेनर ९, ०.४ असेल तर १८. त्या १२ च्या मागे एवढी मोठी धूसरता दडलेली आहे. ‘अ’च्या बीटात ही धूसरता फक्त ०.०६ च्या आसपास आहे, त्याचा ८ हा साधारण साडेसात ते साडेआठच राहतो. म्हणजे ट्रेनर जिथे शार्पपेक्षा वेगळं काही सांगतो, नेमका तिथेच तो सगळ्यात डळमळीत असतो.

सोन्याच्या ईटीएफला ट्रेनर लावला तर हे टोकाला जातं. सोन्याचा शेअर बाजाराशी बीटा शून्याच्या आगेमागे असतो. जादा परतावा ४ असेल आणि बीटा ०.०५ आला तर ट्रेनर ८०. पुढच्या महिन्यात तोच बीटा उणे ०.०५ झाला की ट्रेनर उणे ८०. सोनं तेच, तिजोरी तीच. बीटा शून्याजवळ किंवा उणे असेल तिथे ट्रेनर काढूच नये.

शार्पही फसतो, फक्त वेगळ्या ठिकाणी. बाजार पडलेला असताना दोन फंडांनी वर्षाला २ टक्के दिले आणि जोखीममुक्त दर ६ असेल, तर दोघांचा जादा परतावा उणे ४. एकाचा चढउतार १०, त्याचा शार्प उणे ०.४. दुसऱ्याचा २०, त्याचा उणे ०.२. परतावा तेवढाच, हेलकावे दुप्पट, आणि यादीत तो वर. ट्रेनरचंही तसंच होतं, जास्त बीटाचा फंड वर दिसतो. पडत्या काळातल्या याद्यांत उणे आकडे दिसले की क्रमवारी सोडून द्यावी आणि अंश व छेद वेगवेगळे वाचावेत.

चढत्या काळातही तीन वर्षांच्या शार्पमधल्या दशांशाच्या फरकावर फार विसंबता येत नाही. तीन वर्षांच्या आकड्यांवरून काढलेल्या वार्षिक शार्पची प्रमाण-त्रुटी, म्हणजे नुसत्या योगायोगाने साधारण पडू शकणारा फरक, ०.५८ च्या आसपास असते, आणि ‘अ’ व ‘ब’ मधलं अंतर होतं ०.१४. त्रुटी ०.२ पर्यंत खाली आणायला पंचवीस वर्षांचे आकडे लागतात, आणि तेवढ्या काळात फंडाचा मॅनेजर किती वेळा बदललेला असतो ते फॅक्टशीटमधल्या नेमणुकीच्या तारखेवरून लक्षात येईल.